उभं राहताच धडधड: पॉट्स आणि साधी भोवळ यांतला फरक घरी कसा तपासायचा, आणि औषधाशिवाय काय करायचं

आडवं असताना नाडी 72. उठून भिंतीला टेकून उभं राहिल्यावर दहाव्या मिनिटाला 118. रक्तदाब मात्र जवळपास तोच. डोकं हलकं, हात थरथरतात, पाय जांभळट दिसतात आणि परत आडवं झालं की काही मिनिटांत सगळं निवळतं. रोज असं होत असलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलीला आधी ‘अशक्तपणा आहे’ आणि मग ‘टेन्शन घेतेस’ असं ऐकावं लागतं. दोन्ही निदानं नाडी न मोजता झालेली असतात.

या त्रासाला पॉश्चरल टॅकिकार्डिया सिंड्रोम, थोडक्यात पॉट्स म्हणतात. तो किशोरवयात आणि तरुणपणी जास्त दिसतो, आणि रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट असतं. बऱ्याचदा सुरुवात एखाद्या विषाणूजन्य तापानंतर होते. कोविडनंतर असे रुग्ण खूप वाढले. सांधे गरजेपेक्षा जास्त वाकणाऱ्या मुलींमध्येही तो अधिक आढळतो.

शरीरात काय होतं

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. पायांच्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्यांनी लगेच आवळायचं आणि हृदयाने ठोके थोडे वाढवायचे, अशी व्यवस्था असते. निरोगी तरुणाची नाडी साधारण 10 ते 20 ने वाढते आणि तिथेच थांबते. पॉट्समध्ये कधी वाहिन्या पुरेशा आवळत नाहीत, कधी शरीरात एकूण रक्तच कमी असतं, कधी ठोके वाढवणारं नॉरॲड्रेनालिन हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त सुटतं; बहुतेकांत हे मिसळलेलं असतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं म्हणून हृदय ठोके वाढवून भरपाई करत राहतं. हृदय स्वतः सहसा निरोगी असतं.

साध्या भोवळीत उलटं घडतं. रक्त बघितलं, इंजेक्शन टोचलं, उकाड्यात रांगेत फार वेळ उभं राहिलं, की एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते. आधी मळमळ, जांभया, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी. मग नाडी आणि रक्तदाब दोन्ही एकदम कोसळतात आणि माणूस पडतो. आडवा झाला की मिनिटाभरात शुद्धीवर येतो. पुढे काही तास थकवा राहील, पण दोन प्रसंगांमधले दिवस आणि महिने तो ठणठणीत असतो.

फरकाचं मर्म याच शेवटच्या गोष्टीत आहे. साधी भोवळ हा एक प्रसंग असतो, तर पॉट्स हा रोजचा त्रास. पॉट्सच्या बऱ्याच रुग्णांची शुद्ध कधीच हरपत नाही. ‘आता पडणार’ असं मात्र दिवसातून कितीदा तरी वाटतं. काही थोड्यांना दोन्ही असतात: नाडी 120 पर्यंत चढते आणि मग अचानक कोसळते. त्यामुळे ‘बेशुद्ध पडते म्हणजे पॉट्स नाही’ किंवा ‘पडत नाही म्हणजे काहीच नाही’, ही दोन्ही विधानं चूक.

दहा मिनिटांची भिंतीची चाचणी

रुग्णालयात यासाठी टिल्ट टेबल असतं, म्हणजे झोपलेल्या माणसाला बांधून हळूहळू उभं करणारं टेबल. बहुतेकांचं काम साध्या चाचणीने भागतं आणि तिचे आकडे डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडतात. लागतं इतकंच: दंडाचं स्वयंचलित रक्तदाब यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, घड्याळ, वही आणि शेजारी उभा राहणारा एक माणूस. ज्यांची शुद्ध पूर्वी हरपली आहे त्यांनी ही चाचणी घरी करू नये, दवाखान्यातच करावी.

सकाळी, चहा-कॉफीच्या आधी आणि मिठाचं पाणी न पिता करा. ताप, जुलाब किंवा उपास असेल त्या दिवशी करू नका. तशा दिवशी कोणाचीही नाडी चढते. पट्टा किंवा घट्ट मोजे काढा. दहा मिनिटं पाठीवर शांत पडून राहा आणि शेवटी नाडी व रक्तदाब लिहा. मग उठून भिंतीकडे पाठ करा, टाचा भिंतीपासून साधारण 15 सेंटीमीटर पुढे ठेवा आणि फक्त खांद्यांची पाती टेकवा. आता दहा मिनिटं हलायचं नाही. नाडी दर मिनिटाला लिहा. रक्तदाब पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुरे, कारण यंत्राला स्वतःलाच अर्धा-पाऊण मिनिट लागतं. अंधारी आली किंवा नाडी एकदम खाली येऊ लागली तर आकड्यांचा मोह सोडून आडवं व्हा.

सगळ्यात जास्त फसणारी पायरी म्हणजे न हलणं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला किंवा बोटं चाळवली तरी पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि नाडी 10-15 ने कमी दिसते. शेजारच्याने गप्पा मारायच्या नाहीत. हात गार पडले असतील तर ऑक्सिमीटर वेडेवाकडे आकडे दाखवतो, तेव्हा आधी हात चोळून गरम करा. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचा आकडा मागे रेंगाळतो. ते इथे दुय्यम समजा.

आकडे वाचताना पहिलं मिनिट सोडून द्या. उठताक्षणी नाडी उसळते आणि लगेच खाली येते, ते सगळ्यांचंच होतं. उसळलेली नाडी टिकते का, हे बघायचं. वीस वर्षांपुढच्यांत दहा मिनिटांच्या आत नाडी किमान 30 ने वाढून तशीच राहिली, 12 ते 19 वयात 40 ने वाढली, वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 ने उतरला नाही, आणि उभं राहिल्यावर होणारा त्रास किमान तीन महिने चालू असेल, तर चित्र पॉट्सचं आहे. एका दिवसावर निकाल लावू नका. दोन-तीन सकाळी करा.

आता एक उदाहरण सोडवू. डोंबिवलीची 22 वर्षांची मुलगी. कॉलेज दादरला, त्रास पाच महिन्यांपासून. आडवी असताना नाडी 72, रक्तदाब 108/68. उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला 98 आणि 106/70. तिसऱ्याला 106 आणि 108/74. पाचव्याला 110 आणि 106/74. दहाव्याला 118 आणि 104/76. नाडी 46 ने वाढली, वरचा रक्तदाब फक्त 4 ने उतरला. दुसऱ्या दोन दिवशी वाढ 39 आणि 43. हा पॉट्सचा नमुना.

तिच्याच वर्गातल्या, रक्तदान शिबिरात पडलेल्या मुलाची चाचणी दवाखान्यात झाली. आडवा असताना 74 आणि 114/70. सातव्या मिनिटापर्यंत नाडी 86 ते 90, रक्तदाब जागेवर. आठव्या मिनिटाला घाम फुटला, नाडी 52, रक्तदाब 70/40. ही साधी भोवळ. दोघांनाही ‘चक्कर येते’, पण एकीची अडचण पहिल्या मिनिटापासून आहे, दुसऱ्याची शेवटच्या मिनिटात.

पॉट्स म्हणण्याआधी

चाचणीत नाडी वाढायला दुसरी कारणंही असतात आणि आपल्याकडे ती सर्रास सापडतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया ॲनिमिक होत्या. म्हणून हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, बी-12, थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि ईसीजी हे आधी. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, ते वगळू नका. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, काही नैराश्यविरोधी औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनीही नाडी चढते. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करू नका. महिनाभर अंथरुणाला खिळून उठलेल्यालाही काही काळ असंच होतं.

काही गोष्टींत मात्र घरचे प्रयोग नकोत, थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे जा: धावताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपणं, आडवं असताना हरपणं, कसलीही पूर्वसूचना न देता पडणं, व्यायाम करताना छातीत दुखणं, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, किंवा ईसीजीमध्ये दोष. पडून असतानाही नाडी सतत 100 च्या वर असेल तर तोही वेगळा प्रश्न आहे.

मीठ आणि पाणी, मोजून

औषधाशिवायच्या उपायांत सगळ्यात आधी रक्ताचं आकारमान वाढवायचं. प्रौढांसाठी सर्वसाधारण लक्ष्य दिवसाला 2 ते 3 लिटर द्रव आणि सुमारे 10 ग्रॅम मीठ. ज्यांना उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, ज्या गरोदर आहेत, किंवा उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा रक्तदाब 10 पेक्षा जास्त वाढतो, त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये.

नुसतं पाणी ढोसलं तर ते तासाभरात लघवीवाटे निघून जातं. सोडियम असेल तरच ते थोडं टिकतं. पण ‘मीठ वाढवा’ म्हणजे किती, हे कळायला आता किती जातंय ते माहीत हवं. सोपा हिशेब असा: डोंबिवलीच्या त्या मुलीच्या घरात पाच माणसांत महिन्याला मिठाची एक किलोची पिशवी संपते. 1000 भागिले 5 भागिले 30, म्हणजे माणशी जवळपास 6.7 ग्रॅम. त्यातलं थोडं भांड्याला, लोणच्याच्या बरणीत वगैरे जातं, म्हणून ताटातलं 6 धरू. बाहेरचं खाणं फारसं नसेल तर तिला आणखी 4 ग्रॅम हवं. बाहेर रोज वडापाव, शेव, फरसाण खाणाऱ्याला कदाचित दोनच ग्रॅम लागतील. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला 2.5 ने गुणलं की मीठ मिळतं.

ही भर घालायचा सगळ्यात सोसवणारा मार्ग म्हणजे औषधांच्या दुकानातलं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस. एक लिटरच्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ, 2.9 ग्रॅम सायट्रेट, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. त्यातलं एकूण सोडियम धरलं तर ते सुमारे 4.4 ग्रॅम मिठाइतकं होतं. म्हणजे तिचा हिशेब दिवसाला एका पुडीत बसतो. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. पेल्यात घातली तर उलटी होते. केलेलं पाणी 24 तासांत संपवा. ओआरएससारख्या दिसणाऱ्या फळांच्या चवीच्या बाटल्या घेऊ नका, त्यात साखर भरपूर आणि सोडियम कमी असतं. ताक, सोलकढी, लिंबू सरबत चालेल, पण त्यात मीठ चमच्याने मोजून घाला. चहाचा सपाट चमचा म्हणजे 5 ते 6 ग्रॅम. मिठाच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं.

भर एकदम घालू नका, आठवड्याला एक-दोन ग्रॅमने वाढवा आणि आठवड्यातून दोनदा बसून रक्तदाब बघा. वरचा आकडा 130 च्या पुढे जाऊ लागला तर थांबून डॉक्टरांना दाखवा. रंगावरून ओळखायचं तर दुपारची लघवी फिकट पिवळी हवी. गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

सकाळचा तास सगळ्यात वाईट असतो, कारण रात्रभरात पाणी कमी झालेलं असतं. उशाशी अर्धा लिटर पाणी भरून ठेवा, जाग आली की बसल्या जागी पाच मिनिटांत प्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. एकदम प्यायलेल्या पाण्याने नाडीची उसळी काही मिनिटांत कमी होते आणि परिणाम तासभर टिकतो. मग पाय खाली सोडून बसा, घोटे वीसेक वेळा वर-खाली करा, मगच उभे राहा. आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून. कढत पाण्याने वाहिन्या पसरतात. केस धुताना हात वर राहिले तर त्रास आणखी वाढतो.

एक गैरसमज इथेच. ‘सलाईन लावलं की बरं वाटतं’ हे खरं आहे, पण ते एक-दोन दिवसच टिकतं. दर आठवड्याला सलाईन ही सवय लावून घेऊ नका. शिरा खराब होतात आणि संसर्गाचा धोका असतो.

पोटाचा पट्टा

रक्त फक्त पायांत साठत नाही, पोटातही साठतं. म्हणून गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे अनेकदा निराशा करतात. कॅनडात कॅलगरीला झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोट आणि मांड्यांवरचा दाब पोटऱ्यांवरच्या दाबापेक्षा जास्त उपयोगी ठरला. कमरेपर्यंतचे 30-40 मिमी दाबाचे मोजे उत्तम, पण मुंबईच्या मे महिन्यात ते दिवसभर घालणं कठीण. घामाने जांघेत बुरशी होते आणि दोन आठवड्यांत मोजे कपाटात जातात.

त्यापेक्षा सर्जिकल दुकानातला पोटाचा पट्टा, बाळंतपणानंतर बांधतात तो, हा शहराच्या हवेला परवडणारा मार्ग आहे. आडवं असतानाच बांधा. उभं राहून बांधला तर रक्त आधीच खाली उतरलेलं असतं. बेंबीभोवती खालून वर घट्ट करा, दोन बोटं जेमतेम आत जावीत. श्वास अडला किंवा जेवणानंतर जळजळ झाली तर सैल करा. प्रवासाच्या आणि उभ्या कामाच्या तासांपुरता ठेवा, झोपताना नको. आत पातळ सुती बनियन घाला.

लोकलमध्ये

डब्यात जागा नसली की तासभर न हलता उभं राहणं भाग पडतं, आणि ही तर जवळजवळ भिंतीचीच चाचणी. शक्य तर गर्दीच्या आधीची गाडी घ्या. दादर फास्टपेक्षा, जिथून सुटते तिथून बसून येता येईल अशी स्लो गाडी बरी. उभं राहावंच लागलं तर कडीला किंवा पार्टिशनला टेकून पाय एकमेकांत अडकवा आणि मांड्या, कुल्हे, पोट एकदम आवळून अर्धा मिनिट धरा. सोडा, परत करा. दुसरा प्रकार म्हणजे एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं ओढत घट्ट ताणणं. अंधारी आली तर लाज न बाळगता उकिडवं बसा.

भोवळ आलेल्याला गर्दी सरळ उभं धरून ठेवते, आणि नेमकं तेच घातक. मेंदूकडे रक्त जायला तो आडवा व्हायला हवा. सोबतच्यांना आधीच सांगून ठेवा: आडवं करा, पाय वर करा, तोंडात पाणी ओतू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवायची गरज नाही. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर 108 ला फोन.

भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे ओढलं जातं, म्हणून दुपारी भाताचं मोठं ताट घेण्याऐवजी दोन-तीनदा थोडं थोडं खा. दारू टाळा. चहा-कॉफीचं प्रत्येकाचं वेगळं. आठवडाभर बंद करून बघा.

व्यायाम, आडवं राहून

‘रोज चालायला जा’ हा सल्ला पहिल्या महिन्यात बहुधा फसतो, कारण चालणं उभ्यानेच होतं. सुरुवात पाठीवर किंवा बसून करायची: मागे टेकून चालवायची सायकल, रोइंग, पोहणं. पाण्याचा दाब पायांना आधार देतो म्हणून पोहणं चांगलं, पण शुद्ध हरपणाऱ्यांनी एकट्याने नाही, आणि बाहेर पडताना पायरीवर बसून थांबा. यंत्र नसेल तर चटईवर पाठीवर पडून पाय सायकलसारखे फिरवणं, कंबर उचलणं, कुशीवर पाय उचलणं.

डोंबिवलीच्या मुलीसाठी आखणी अशी. आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात 8 मिनिटं, दर आठवड्याला 2 मिनिटं वाढ. बाराव्या आठवड्यात ती 30 मिनिटांवर पोचते. जोर इतकाच की एक पूर्ण वाक्य बोलता यावं. शिवाय दोन दिवस मांड्या आणि पोटऱ्यांची ताकद. तीन महिने आडवं किंवा बसून, चौथ्या महिन्यात साधी सायकल, पाचव्यात चालणं. पहिले तीन-चार आठवडे थकवा वाढू शकतो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात.

पण थकव्याचा एक प्रकार वेगळा आहे. व्यायामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, डोकं चालत नाही आणि ते दिवस-दोन दिवस उतरत नाही, असं होत असेल, विशेषतः कोविडनंतर, तर वेळ निम्मी करा. तरीही तसंच झालं तर वाढ थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. अशा रुग्णांना रेटलं तर ते आणखी खालावतात.

काय बदललं ते कसं कळेल

सगळे उपाय एकाच दिवशी सुरू केले तर कशाने गुण आला ते कळत नाही. दोन आठवडे पाणी-मीठ, मग पट्टा, मग व्यायाम, अशा क्रमाने घ्या. दर चार आठवड्यांनी भिंतीची चाचणी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने, पट्टा न बांधता. शेजारी एक साधी नोंद ठेवा: आज किती मिनिटं सलग उभं राहता आलं.

नाडीची वाढ 46 वरून 32 वर आली आणि उभं राहणं 6 मिनिटांवरून 25 वर गेलं, तर उपाय लागू पडताहेत. 30 च्या खाली यायलाच हवं असं नाही. तीन महिने नेटाने करूनही कॉलेजला जाता येत नसेल, तर वही घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे औषधांबद्दल बोलायला जा. औषधं सुरू झाली तरी मीठ, पाणी आणि पट्टा बंद करायचा नसतो.